माइकवरून सुटलेली बातमी

सावद्याचे झुलालनाना म्हणजे एका माणसात तीन माणसं. सकाळी केळीच्या बागेत, दुपारी जळगावच्या दैनिकाचे वार्ताहर, आणि गावात टेनिस बॉलची स्पर्धा लागली की माइकवर समालोचक. तिन्ही कामं एकाच आवाजात, म्हणजे ओरडून!

रविवारच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात धुळ्याच्या समाधानने लागोपाठ तीन वाइड टाकले आणि धुळे हरलं. सोमवारी त्याच्याच संघाचा व्यवस्थापक रुपचंद याने आयोजकांकडे लेखी तक्रार दिली, की समाधानने पैसे घेऊन सामना सोडला. नानांनी तक्रारीचा फोटो मिळवला आणि अर्ध्या तासात बातमी धाडली. वर शीर्षक ठोकलं, 'धुळ्याच्या गोलंदाजाने सामना विकला'.

लगेच उपसंपादक नूतनचा फोन.

"नाना, विकला हे कोणी ठरवलं?"

"अहो ताई, लेखी तक्रार आहे!"

"म्हणजे आरोप आहे. पुरावा काय जोडलाय?"

"व्हिडिओ. त्यात कोणीतरी स्पष्ट बोलतंय म्हणे."

"कोण बोलतंय ते ऐका आधी."

नानांनी व्हिडिओ लावला. तिसरा वाइड पडला आणि भोंगा गरजला, "विकली रे विकली, धुळेकरांनी मॅच विकली!" आवाज नानांचाच.

"ताई… हा तर मीच."

"तुम्हाला काही माहिती होती?"

"छे हो! गंमत केली. मैदान खदखदून हसलं."

"मग ही बातमी तुम्ही लिहायची नाही, तुम्ही तिच्यातच आलात. मी लिहिते. तुमचं म्हणणं सांगा, आणि समाधानचा नंबर द्या. त्याची बाजू घेतल्याशिवाय छापणार नाही."

नानांनी नंबर दिला. तेवढ्यात समाधानचाच फोन.

"नाना, मी पैसा लिधा नही. शनिवारी जिल्ह्याना संघनी निवड चाचणी शे. तुम्हीच माले चोर करं!"

पोरगा खरं बोलत होता? का नव्हता? तीन वाइड तर नानांनी डोळ्यांनी पाहिले होते. वाइड का पडले, ते मात्र कुठे दिसलं होतं?

मंगळवारी बातमी आली. 'अंतिम सामन्यात फिक्सिंगचा आरोप, आयोजकांकडून चौकशी'. गोलंदाजाचं नाव नव्हतं. तक्रारीत काय म्हटलंय ते होतं, गोलंदाजाने आरोप फेटाळल्याचं होतं, आणि 'ते वाक्य गमतीचं होतं, मला कसलीही माहिती नव्हती' असं समालोचक झुलाल यांचं म्हणणं होतं. गोलंदाज कोण ते सगळ्यांना ठाऊकच होतं, पण ही बातमी वाचून जिल्ह्याच्या निवड समितीने चौकशी होईपर्यंत समाधानला चाचणीतून वगळायचं नाही असं ठरवलं.

चहाच्या टपरीवर गावातल्या हिलालने नानांना गाठलं.

"नाना, आता आपल्यातच सांगा. विकली का नाही?"

"मला माहीत नाही."

"रविवारी तर छातीठोक सांगत होता!"

"रविवारी मला माहीत नाही हेच मला माहीत नव्हतं रे," नाना म्हणाले, आणि आपण नेमकं काय बोललो, याचा विचार करत बसले.