हनुमंतरावमामांच्या श्वासाच्या खुणा

तंजावूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या सभेत दरवर्षी माझं भाषण असतं, आणि त्याचा कागद हनुमंतरावमामाच तयार करतात. पापनाशमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांकडून भाषणं बसवून घेतली. मला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ते माझं मराठी तमिळ अक्षरांत लिहितात. एक तिरकी रेघ म्हणजे जरा थांब, दोन म्हणजे जास्त थांब. जोर द्यायच्या शब्दाखाली लाल रेघ. मग सगळं मोठ्याने म्हणून बघतात आणि श्वास घ्यायच्या जागी बरोबरची खूण करतात.

यंदा माझं डोकंच फिरलं. चार शब्द झाले की खूण, पुन्हा चार झाले की खूण! सरावाला वाचलं, तर जिना चढून आल्यासारखं वाटलं.

"मामा, वाक्याचे तुकडे पडतात. ह्या खुणा काढा."

"राजलक्ष्मी, मला शिकवू नकोस!"

"मग तुम्हीच वाचून दाखवा." मी कागद त्यांच्यापुढे आपटला.

ते वाचू लागले. पहिल्या खुणेशी थांबून त्यांनी श्वास घेतला, दुसरीशीही. एकही खूण त्यांना ओलांडता येईना.

मी कपाटातून गेल्या वर्षीचा कागद काढला. अख्ख्या पानावर नऊ खुणा होत्या.

"कळलं ना, कुठे थांबायचं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"कळलं," मी म्हटलं. "आता चप्पल घाला. डॉक्टरकडे जायचंय."