खुलताबाद की फुलंब्री

सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर गावाकडून निरोप आला, की माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं. बांधावरून चुलत भावाशी जुंपली होती, म्हणून दोघांनाही नेलं. मारामारी झालेली नव्हती, होईल या भीतीनं नेलेलं. आज तहसीलला हजर करणार, एवढंच ठाण्यात सांगितलं.

मी इथल्याच, पडेगावातल्या एका ओळखीच्या वकिलांकडे धावले. ते म्हणाले, अशा प्रकरणात तहसीलदारच दंडाधिकारी असतात. गावचाच जामीनदार न्या, त्याच्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा न्या. साहेब उठायच्या आत जामीन झाला नाही तर रात्र हर्सूलच्या जेलात. आमचा धाकटा अंधारात परसाकडे जायला घाबरणारा, आणि निघाला बांधावर पराक्रम करायला!

तशीच गावाकडं गेले, जामिनाला आमच्या माहेरच्या शेजारचे चाचा लगेच तयार झाले. लहानपणापासून त्यांच्या अंगणात वाढलो आम्ही. पण उताऱ्यासाठी जाऊन बघते तर ग्रामपंचायतीच्या खोलीत कुणाची तरी म्हैस बांधलेली. मी बारा वर्षांपूर्वी सासरी गेलेली, मला काय ठाऊक? आमचं गाव आता गटग्रामपंचायतीत होतं आणि ऑफिस ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात. चाचांना हे माहीत होतं, पण मी विचारलंच नव्हतं. पुढं पुढं पळायची सवय माझी जुनीच. चाचा गुडघ्यानं अधू, त्यांना हाताला धरून ओढा ओलांडला. पोचलो तेव्हा ग्रामसेवक मोटरसायकलला किक मारत होते, त्यांची फुलंब्रीला मीटिंग होती. मी सरळ चाकापुढं उभी राहिले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण परत आत जाऊन वही उघडली, उतारा लिहिला आणि सही-शिक्का केला.

तिथून जीप धरून खुलताबाद. आमचं सगळं खुलताबादलाच, बाजार तिथं, पोलीस ठाणं तिथं, चाचांच्या जुन्या रेशनकार्डावरही तेच. तहसीलच्या व्हरांड्यात धाकटा कुठंच दिसेना. मला वाटलं, नेलं त्याला हर्सूलला, संपलं सगळं. आणि खांबाला टेकून पदर तोंडाशी धरलेली बाई दिसली, तर ती चुलत भावाची बायको. दोन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. मी नजर फिरवली, तिनंही फिरवली. मग तिलाच राहवलं नाही.

"वन्सं, तुम्हाला दिसले का हो दोघं?"

तिचाही आवाज कापत होता. तेव्हा मला तिचा राग येईना, उलट धीर आला, आणि त्याची लाजही वाटली.

आतल्या कारकुनानं चाचांच्या हातातला उतारा पाहिला आणि बोट ठेवलं. तालुका फुलंब्री. नवा तालुका झाला तेव्हा आमचं गाव तिकडं गेलं होतं, ठाणं मात्र राहिलं खुलताबादचंच, त्यामुळं चाचा आणि वहिनीही फसले होते. सकाळपासून तो कागद मी उराशी धरून हिंडत होते, वाचला मात्र नव्हता. ग्रामसेवक फुलंब्रीला निघाले तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. भीतीनं माणूस आंधळा होतो, आणि मी तर चष्मा लावून आंधळी झाले होते.

फुलंब्रीची जीप भरेपर्यंत सुटेना. उन्हं कलली. वहिनी माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसली, तिचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही. तिच्याकडं जामीनदारच नव्हता. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, तुमच्या भाऊबंदकीत आम्हाला नका ओढू. चाचा म्हणाले, "बेटी, साहेब हो म्हनले तर दोघांलाबी मीच ऱ्हातो. दोघंबी माझ्याच अंगनातले हायती."

फुलंब्रीच्या तहसीलात साहेब अजून खुर्चीवर होते. आम्ही अक्षरशः पळत गेलो, चाचा मागून लंगडत. साहेबांनी उतारा पाहिला, चाचांना दोन-चार प्रश्न विचारले आणि दोघांसाठी एकच जामीनदार चालवून घेतला. शांतता ठेवू, असं दोघांनी लिहून द्यायचं होतं.

पोलिसानं त्या दोघांना बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसवलं होतं. मी आणि वहिनी हात धरून त्यांच्यापुढं उभ्या राहिलो, दोघींचे डोळे रडून लाल. धाकट्यानं आधी मला पाहिलं, मग तिला पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चुलत भाऊ तर उठूनच उभा राहिला. आमच्या दोन घरांतल्या बायका एकत्र येतात त्या फक्त मयतीला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

धाकटा कसंबसं म्हणाला, "अक्का, कोण गेलं?"