खोकलाताईंनी काढलेला श्वास

गावातल्या आरोग्यसेविकेला बायका खोकलाताई म्हणायच्या, आणि तेही तोंडावर. सुका खोकला, ओला खोकला, सुनेला ऐकवायला मुद्दाम काढलेला खोकला, सगळ्यांच्या नकला तिच्या घशात तयार. एरवी बोलावूनही न येणाऱ्या बायका तिच्या सभेला चटया पटकावून बसत.

त्या दुपारीही शाळेच्या रिकाम्या वर्गात हशा चालला होता.

"सर्दी झाली की काय करायचं?" ताईने विचारलं.

"नवऱ्याला झाली असेल तर माहेरी जायचं," शिंपीणबाई म्हणाली.

"आणि पोराला झाली तर? अंगावर पाजत राहायचं, थोडं थोडं, सारखं. नाक मऊ ओल्या फडक्याने पुसायचं. उबदार ठेवायचं, पण गाठोडं करायचं नाही. वर्षाच्या आत मध नाही. मागच्या वेळची उरलेली औषधाची बाटली तर मुळीच नाही."

"मग ती मी जपली कशाला?"

"तुमच्या कपाटाला सर्दी झाली तर."

हसू ओसरल्यावर ताई म्हणाली, "आता हे ऐका." ती खोकली नाही. भराभर श्वास घेऊ लागली, आणि प्रत्येक श्वास सोडताना बारीक कण्हली. कुणीच हसेना. आज नक्कल फसली, असं तिला वाटलं.

मागून एक सून हळूच म्हणाली, "आमचं बाळ सकाळपासून असंच करतंय."

"नाक चोंदलंय त्याचं," तिच्या सासूने सावरून घेतलं. "काल केवढं रडलं. आज बघा, मांडीवर कसं शहाण्यासारखं पडलंय. दुधासाठीसुद्धा त्रास नाही."

ताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. "काकू, जरा बाळाचे कपडे वर करू द्या."

"वारं लागेल हो."

"दार लावा गं कुणीतरी."

बाळ आठ महिन्यांचं. शाल, स्वेटर, त्याखाली आणखी एक स्वेटर. ताईने घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. पन्नासच्या, म्हणजे या वयातल्या धोक्याच्या आकड्याच्या, बरेच वर गेले.

"आणि हे बघा. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. हे नाकाचं दुखणं नाही, छातीचं आहे. आत्ताच दवाखान्यात जायचं."

"त्याच्या बाबांना येऊ दे की संध्याकाळी."

"काकू, ते शहाणं झालेलं नाही. त्याच्यात रडायची ताकद उरली नाही."

काकू वाकल्या. स्वतः बघितलं, एक श्वास, दुसरा, तिसरा. मग बाळाला छातीशी धरून त्या उठल्या. "माझ्या चपला कुठेत बघ गं," त्या सुनेला म्हणाल्या.

शिंपीणबाईच्या दिराने गाडी काढली. दवाखान्यात नर्सने बाळाला लगेच ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली.

तिसऱ्या दिवशी ताई वॉर्डात गेली, तर सून पदराआड बाळाला पाजत होती. "ताई, आता ओढतंय बघा."

"ओढतंय कसलं," काकू खाटेच्या पायथ्याकडून म्हणाल्या, "चावतंय लबाड. सकाळपासून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय."