एकवीस वर्षांनंतरचा पेपर

गेंदा पावरा बाईंनी कागद दोनदा वाचला, मग केंद्रप्रमुख लीलाधर सरांकडे पाहिलं.

"म्हणजे मी एकवीस वर्षं शिकवतेय, आणि आता मला शिकवता येतं का, याची परीक्षा?"

"टीईटी, बाई, शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेल्या सगळ्यांना दोन वर्षांत पास व्हावंच लागेल. तुम्हाला बारा उरलीत." सरांनी दुसरा कागद पुढे केला. "आणि मुख्याध्यापकाच्या ज्येष्ठता यादीत तुमचं नाव वर आलंय. टीईटी नसेल तर पदोन्नती नाही."

बाई शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत पहिलीला शिकवत. डी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून लागल्या, तीन वर्षांनी कायम झाल्या, मुलं सांभाळत मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक चित्राखाली पावरी आणि मराठी असे दोन शब्द असत. घरी पावरी बोलणारं पोर पहिल्याच दिवशी मुकं होऊन बसू नये, एवढाच त्यांचा हेतू.

त्या संध्याकाळी त्या तडक शीतलकडे गेल्या. शीतल त्यांची जुनी विद्यार्थिनी. डी.एड. होऊन भरतीची तयारी करत होती, तीही हीच परीक्षा देणार होती.

"मला गणित शिकव," बाई म्हणाल्या.

शीतल हसत सुटली. "बाई, पाढे तुम्हीच मारून मारून पाठ करून घेतले होते ना माझ्याकडून?"

"पाढे येतात गं. ते नळ आणि टाक्या येत नाहीत!"

दोन महिने दोघी ओट्यावर बसल्या. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. राखीव प्रवर्गाला पासापुरते त्र्याऐंशी. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे शीतलने बाईंना दहादा बजावलं. बालमानसशास्त्रात मात्र बाईच शीतलला शिकवत. पुस्तकातला प्रत्येक सिद्धांत त्यांना कुठल्या ना कुठल्या पोराच्या तोंडाने आठवे. बाईंचे यजमान बादलभाऊ कापूस वेचून आले की दोघींना चहा करून देत आणि कोण जास्त चुकलं ते विचारत.

परीक्षेच्या रविवारी धुळ्याच्या केंद्रावर बाईंच्या मागच्या बाकावर त्यांच्या मुलीच्या वयाची पोरगी होती. पेन्शनला सहा-सात वर्षं उरलेले एक गुरुजी चष्मा पुसत होते. घंटा झाली आणि बाईंनी नळ-टाक्यांच्या धास्तीनेच प्रश्नपत्रिका उघडली. पण पहिलाच प्रश्न घरची भाषा आणि शाळेची भाषा यावर निघाला. हे तर आपलंच! त्या गोल भरत सुटल्या.

काही दिवसांनी उत्तरसूची आली. शाळेच्या मधल्या सुट्टीत बाईंनी मोबाइलवर ती उघडली आणि आपल्या उत्तरपत्रिकेच्या कार्बन प्रतीशी ताडून पाहिली. एकेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. त्यांनी खिचडीचं ताट बाजूला सारलं. पोरांसमोर डोळे कसेबसे कोरडे ठेवून त्यांनी शीतलला फोन लावला. ती गाडी दामटत आली, मोबाइल हिसकावून घेतला आणि ओरडलीच.

"बाई! ही सूची 'क' संचाची आहे. तुमचा संच 'ब'!"

दोघी पायरीवर बसल्या. शीतल उत्तरं वाची, बाई बरोबरची खूण करत. साठ. सत्तर. परिसर अभ्यास सुरू झाला तसा शीतलचा आवाज चढत गेला. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी... पोरं गोळा होऊन मोठ्याने मोजू लागली. त्र्याऐंशीला कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी अठ्ठ्याऐंशी!

पोषण आहाराची खिचडी करणारी दगडीबाई पळी हातात घेऊनच धावत आली. "बाई, पास व्हयनात तुम्ही? आते बठ्ठा गावले सांगसू मी!"

"अजून निकाल लागायचाय, दगडीबाई!" बाई ओरडल्या, पण ती सगळ्या गावाला सांगायला केव्हाच फाटकाबाहेर गेली होती.

निकालातही अठ्ठ्याऐंशीच आले. शीतलला शंभरावर. पुढची अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पोर्टल तिला बाकी होतं, तरी ती बाईंपेक्षा जास्त नाचली.

जिल्हा परिषदेत पदोन्नतीचं समुपदेशन, म्हणजे ज्येष्ठतेनुसार शाळा निवडायची बैठक, होती. पडद्यावर मुख्याध्यापकाच्या रिकाम्या शाळांची यादी. शहराजवळच्या शाळा वरच होत्या. नाव पुकारलं तसं बाई उठल्या आणि यादीत तळाशी असलेल्या एका पाड्यावरच्या मोठ्या शाळेवर बोट ठेवलं.

"तिथे जायला बस फार नाहीत हो," अधिकारी म्हणाले.

"पण तिथल्या पहिलीत सगळी पावरी बोलणारी पोरं आहेत."

त्या बाहेर आल्या तर मोबाइल वाजत होता. धुळ्याच्या प्रशिक्षण संस्थेतल्या मॅडम होत्या. लीलाधर सरांनी बाईंच्या वर्गाच्या भिंतीवरच्या चित्रांचे फोटो त्यांना पाठवले होते. पहिलीसाठी घरच्या भाषेतून मराठीकडे नेणारी पुस्तिका तयार करायची होती, लेखन गटात त्या येतील का?

"येते," बाई म्हणाल्या. "पण मॅडम, मी आता मुख्याध्यापक झालेय. शनिवारी शाळा सुटल्यावर आलं तर चालेल ना?"

समोरून हसू आलं. बाईंनी जिन्यातच पर्समधून पेन काढला आणि समुपदेशनाच्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पहिला शब्द लिहिला, पावरीतला.