तिकोनी चावी

सन २०२३. मला एकाहत्तरावं लागलं होतं. चौथीपर्यंत शाळा, बाकीचं नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यांत शिकलो. मग तिथंच स्वतःचं शेड टाकलं. मी कांदा निवडायचं मशीन बनवतो. वरून कांदा टाकला की बारीक गोल्टी वेगळी, मोठा कांदा वेगळा पडतो.

त्या वर्षी लागोपाठ चार गिऱ्हाईकं गेली. आली, मशीन फिरवून बघितलं, चहा प्यायली आणि दुसऱ्याकडून घेतलं. अजून एक हंगाम असा गेला की शेडचं शटर खाली ओढायचं, हे मला ठाऊक होतं आणि दफ्तर बघणाऱ्या माझ्या सुनेलाही. बोलत कोणीच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, ज्यांनी घेतलं नाही त्यांना विचारू, का नाही घेतलं. आणि ज्यांनी घेतलं त्यांनाही विचारू, का घेतलं."

"त्यात विचारायचं काय? भाव. तो दुसरा मशीनवाला पातळ पत्रा वापरतो, स्वस्त देतो."

"हे तुम्ही म्हणताय. त्यांनी कुठं म्हटलंय?"

विचारायला तिनं गंगापूर रोडच्या एक बाई ठरवल्या. कंपन्यांसाठी हेच काम करतात. आपण विचारलं तर तोंडावर कोण खरं बोलणार, म्हणून बाहेरचं माणूस. मला ते पटलं नाही. माझं मशीन, मी येणारच, म्हणालो. तोंड उघडायचं नाही या अटीवर बाईंनी नेलं.

विंचूरचा व्यापारी. त्यानं आमचं मशीन नाकारलेलं. बाईंनी आधीच सांगितलं, "काही विकायला आलो नाही. तुमचं नाव कुणाच्या यादीत जाणार नाही. फक्त कसं ठरलं ते सांगा."

"भाव जास्त होता," तो म्हणाला. मी सुनेसाठी मनात नोंद केली.

बाई तिथं थांबल्या नाहीत. "बरं. पण भाव सारखा असता तर काकांचं घेतलं असतं?"

तो घुटमळला. कपाळ खाजवलं. "तसं नाही... ठरवताना आमचा मुकादम म्हणाला..."

आणि मी बोललो. पत्रा किती जाड, बेअरिंग कुठलं, सगळं काढलं. तो हसला, हात जोडले. "तुमचंच बरोबर, काका. चहा घ्या." मुकादम काय म्हणाला ते पोटातच राहिलं. गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, "काका, आता घरी बसा." लाज वाटली, पण ती मी रागाच्या खाली दाबली.

पुढं त्या एकट्याच फिरल्या. तीन घेतलेले, तीन न घेतलेले, आणि त्या विंचूरवाल्याकडेही परत. पंधरा दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवलं, नावं गाळून. मी न सांगता ओळखत होतो.

ज्यांनी घेतलं ते म्हणाले, "म्हातारा पक्का आहे. मशीन बंद पडलं की स्वतः येतो, सकाळी सहाला दारात उभा." मी सुनेकडं बघितलं. ऐक, म्हटलं.

मग न घेतलेल्यांचं वाचलं. "म्हातारा सोडून त्या मशीनला कुणी हात लावू शकत नाही. गिअरवरच्या झाकणाला तिकोनी बोल्ट, चावी त्याच्या खिशात. गेल्या साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होता, दहा दिवस शेजाऱ्याचं मशीन बंद, कांदा आवारात सडला. आमचा मुकादम म्हणाला, हे नको." न घेतलेल्या सगळ्यांनी आधी भावच सांगितला होता. पण खोलात विचारलं तेव्हा सातपैकी पाच जण चावीवर आले. त्यात घेतलेलेही दोघं होते: पुढचं मशीन घेताना विचार करू, म्हणाले.

तसला बोल्ट मीच घडवला होता. ऐऱ्यागैऱ्या मिस्त्रीनं आत बोट घालू नये म्हणून. बावीस वर्षं ती चावी माझ्या खिशात होती, तिच्यानं खिसा झिजायचा, बायको ठिगळ लावायची. बायको वारल्यावर सुनेनं लावलं.

"खोटं लिहिलंय," मी म्हणालो.

"बाबा, एक गिऱ्हाईक खोटं बोलेल. पाच?"

दमलो होतो. पाय सोडून बसलो, चहा थंड झाला. चुकलो असं मोठ्यानं म्हणालो नाही, ते आजही म्हणत नाही. मशीन वाईट नव्हतं. फक्त मी मेलो तर तेही मेलं, असं करून ठेवलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेड उघडलं. लेथला तुकडा लावला आणि तशाच चाव्या काढायला बसलो, विकलेल्या प्रत्येक मशीनमागं एक. पहिली माझ्या फिटरच्या हातात दिली. बावीस वर्षं माझ्यासोबत आहे तो.

त्यानं उलटीपालटी करून बघितली. "मालक, काही दुखतंय का तुम्हाला?"

"नाही," म्हणालो. "शेडमधलं एक मशीन टेम्पोत घालून विंचूरला ने आणि झाकण उघडायचं कसं, ते त्या व्यापाऱ्याच्या मुकादमाला शिकवून ये."