बाबांच्या गोळ्यांची डबी

बाबा दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. बोंडातला धागा चिमटीत ओढून तो किती लांबीचा, हे ते बघताक्षणी सांगत. पुढे कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं आणि बाबा घरी बसले. मग साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आई होती तोवर तीच पाकिटातून गोळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवायची. ती गेल्यावर त्यांना पाकीट फोडता येईना.

मी यवतमाळला नोकरीला होते. एका रविवारी औषधाच्या दुकानातून आठवड्याची डबी घेऊन आले. रोजचे चार खण, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. कोणत्या गोळ्या पाकिटाबाहेर ठेवल्या तर चालतात, ते दुकानदाराला विचारून घेतलं. एक गोळी दमट हवेत खराब होते म्हणाला, तेवढी पाकिटातच, कात्रीनं एकेक कापून ठेवली. साखरेची नाश्त्याआधी, रक्तदाबाची त्यानंतर. बाबांच्या मोबाइलमध्ये रोजचे गजर लावले.

"वाजला की तो खण उघडायचा, बाबा."

"मले काय लहान पोरगं समजतेस?" ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

काही आठवडे बरे गेले. दर रविवारी मी डबी भरायची आणि खण रिकामे बघून निश्चिंत व्हायची.

मग एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. "लवकर ये वं. बाबा घामानं भिजले, बोलता येत नाई त्याईले. साखरपाणी पाजलं, आता डोळे उघडून राह्यले."

मी पोचले तेव्हा ते दवाखान्यात होते. घरी डबी पाहिली, तर पुढच्या दिवसाचाही सकाळचा खण रिकामा. काय झालं ते मोबाइल हातात घेतल्यावर कळलं. गजर बंद करताना त्यांच्या बधिर बोटानं थोड्या वेळानं पुन्हा वाजवायचं बटण दाबलं गेलं होतं. त्या सकाळी तो दुसऱ्यांदा वाजला. आजचा खण रिकामा दिसला, म्हणून त्यांनी पुढचा उघडला, आणि दुप्पट गोळीनं साखर एकदम उतरली.

"आधी घेतली होती, हे आठवलं नाही का?" दवाखान्यात डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"वाजलं म्हणून घेतली," एवढंच बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. विसरण्याची तपासणी करावी लागेल, आणि यापुढे गोळ्या कुणीतरी समोर बसून द्याव्यात.

मी बाबांना यवतमाळला न्यायचं ठरवलं. त्यांनी वाद घातला नाही. आपलं धोतर, चष्मा, आईचा फोटो पिशवीत ठेवला. मग डबी उचलून माझ्याकडे दिली. "हे तूच ठेव. माह्या हातचं काम नाई आता."

एसटीत ते खिडकीशी बसले. बंद जिनिंग मागे पडलं, तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

बाबा माझ्याकडे दोन पावसाळे राहिले. दिग्रसचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रोज सकाळी हात पुढे करत, मी गोळी ठेवायची, आणि गिळून झाल्यावर ते विचारायचे, "घेतली का मी?"