साडेनऊला चालू झालेलं मशीन

नव्वदच्या दशकात मोरिवलीच्या एका कारखान्यात मी एकटीच प्रोग्रॅमर होते, आणि तोरा भरपूर होता. मशीन बंद पडलं की इलेक्ट्रिशियन आणि फिटर आपापली चिठ्ठी लिहीत. त्यांच्या वेळा एकमेकींवर चढत, आणि बेरीज केली की आठ तासांच्या पाळीत मशीन नऊ तास बंद निघे!

खरा बंद वेळ काढायला मी प्रोग्रॅम लिहिला: चिठ्ठ्या सुरुवातीच्या वेळेनुसार लावायच्या आणि एकेक घेऊन स्टॅक, म्हणजे एकावर एक चळत, रचायची. नवी चिठ्ठी सगळ्यात वरच्या चिठ्ठीची वेळ संपायच्या आत सुरू होत असेल, तर ती तिच्यातच मिसळायची, नाहीतर तिच्यावर ठेवायची. मिसळताना शेवट नव्या चिठ्ठीचा घेतला. प्रिंटआउट मिरवत खाली नेला.

म्हाताऱ्या फिटरने तो शांतपणे वाचला. "मॅडम, लाइट आठ ते अकरा गेली होती. त्यातच मी नऊ ते साडेनऊ पट्टा बदलला. मग साडेनऊला तुमच्या कॉम्प्युटरने मशीन चालवलं कशावर?"

कान तापले. वर जाऊन एकच ओळ बदलली: दोन्हींपैकी जो शेवट उशिराचा, तो धरायचा. पुन्हा प्रोग्रॅम कधी चुकला नाही.

नवा प्रिंटआउट साहेबांच्या आधी फिटरला दाखवला. त्याने 'आठ ते अकरा'वर बोट ठेवलं.

"हां. आता बंद आहे."